मास्तरचा चहा वीस टक्के : मैत्रीतल्या थट्टेचं एक प्रकरण

दत्ता आणि बालाजी औसा तालुक्यातल्या एकाच गावचे. नावं बदलली आहेत, ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत, आणि लिहायला दत्ताची परवानगी आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा दोघं प्राथमिक शाळेत होते. दोघांचीही घरं पडली आणि नंतरचे कितीतरी महिने दोन्ही कुटुंबं शेजारशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहिली. आज दोघं चाळिशीत आहेत, लातूरला राहतात. बालाजीची मार्केट यार्डात आडत आहे. सोयाबीन, तूर, हरभरा असं मोठं काम आहे. दत्ता एका माध्यमिक शाळेत शिक्षक आहे. ती शाळा बरीच वर्षं विनाअनुदानित होती. पुढे ती टप्पा अनुदानावर आली, म्हणजे सरकार पगाराचा वाटा आधी २० टक्के, मग ४०, मग ६० असा वाढवत देतं. शिकवायचं मात्र पहिल्या दिवसापासून शंभर टक्के.

संध्याकाळी पाच-सहा मित्र एका हॉटेलावर चहाला जमतात. तिथं बालाजीची एक थट्टा रुळली होती. चहा आला की तो पोऱ्याला सांगायचा, “मास्तरला वीस टक्केच ओत रे, बाकीचा टप्प्याटप्प्यानं दे.” सगळे हसायचे, दत्ताही हसायचा. मग ती थट्टा वाढत गेली. दत्ताच्या मोटारसायकलला टप्पा, घराच्या बांधकामाला टप्पा, त्याने हौसेनं घेतलेल्या नव्या शर्टालाही टप्पा.

येळवशीला, म्हणजे शेतात साजऱ्या होणाऱ्या वेळ अमावस्येला, बालाजीच्या रानात जेवणं होती. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, आणि चार-पाच घरची बायकालेकरं. पंगतीत बालाजी दत्ताच्या बारा वर्षांच्या मुलीकडे बघून म्हणाला, “पोरी, तुझं लग्न पण टप्प्यावर लागणार बघ. पैल्या वर्षी नुसती हळद.” पंगत खदखदून हसली. त्या रात्री मुलीनं घरी विचारलं, “पप्पा, तुमचा पगार खरंच वीस टक्केच आहे का?” त्यानंतर काही दिवसांनी दत्ता माझ्याकडे आला. मी लातूरला समुपदेशनाचं काम करतो. त्याचा पहिलाच प्रश्न होता, “त्याला सोडायचं नाही मला. पण हे थांबवायचं कसं?”

असं स्पष्ट मागणं घेऊन येणारी माणसं कमी असतात. बहुतेक जण मैत्री तोडायचीच ठरवून येतात किंवा सगळं गिळून राहायचं ठरवतात. दत्तानं येण्याआधी तीन उपाय करून पाहिले होते आणि तिन्ही फसले होते. ते का फसले हे आधी पाहू, कारण पुढची सगळी तयारी त्यातूनच झाली.

पहिला उपाय म्हणजे उलटी थट्टा. बालाजी दहावी नापास. एकदा दत्तानं चारचौघांत म्हटलं, “वीस टक्क्यांचा हिशेब तरी येतो का तुला? दहावीत गणितात किती होते?” टेबलावर शांतता झाली आणि बालाजीनं त्याच मिनिटाला दुप्पट जोरानं परतवलं. थट्टेच्या बाजारात दत्ताचा हात बसलेला नाही, बालाजीचा बसलेला आहे. शिवाय उलट टोला मारला की बघणाऱ्यांना दोघांचा सामना चालू आहे असंच वाटतं, एकाला लागतंय हे कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसरा उपाय म्हणजे अबोला. दत्ता आठवडाभर हॉटेलावर गेला नाही, तर ‘मास्तर रुसला’ ही नवी थट्टा सुरू झाली. आणि तिसरा म्हणजे रात्री अकरा वाजता व्हॉट्सॲपवर लिहिलेला लांबलचक मेसेज. पाठवला, पाच मिनिटांत घाबरून पुसला. पुसल्याची खूण मात्र मागे राहिली आणि दुसऱ्या दिवशी तीच खूण ग्रुपवर थट्टेचा विषय झाली.

या तिन्ही उपायांत एक गोष्ट कधीच घडली नव्हती. ‘मला हे लागतं’ हे वाक्य दत्तानं बालाजीसमोर, हसू न आणता, एकदाही उच्चारलं नव्हतं.

मी त्याला दोन आठवडे एक वही ठेवायला सांगितली. प्रत्येक थट्टेसमोर तीनच गोष्टी लिहायच्या : नेमके शब्द, तिथं कोण होतं, आणि त्या क्षणी दत्तानं स्वतः काय केलं. ‘मला काय वाटलं’ हे मुद्दाम लिहायला सांगितलं नाही. ते त्याला पाठ होतं आणि ते लिहीत बसलं की रागच वाढतो.

वहीनं तीन गोष्टी दाखवल्या. एक, सगळ्या थट्टा लागत नव्हत्या. टक्कल, जुनी मोटारसायकल, क्रिकेटमधला दत्ताचा शून्यावरचा विक्रम यांवर बालाजी बोलला की दत्ताला मजाच यायची. लागायचं ते फक्त पगारावर बोललेलं, आणि तेही त्याच्या घरच्यांसमोर किंवा अनोळखी माणसासमोर. दोन, दोघंच असताना बालाजी पगारावर चकार शब्द काढत नव्हता. उलट एकदा त्यानं खालच्या आवाजात विचारलं होतं, “फरकाचं काय झालं रे, कागद गेले का वर?” तीन, दत्ता दर वेळी हसला होता. दोनदा तर बालाजी बोलायच्या आत त्यानंच म्हटलं होतं, “थांब, माझा वीसच टक्के.”

ही तिसरी नोंद वाचताना दत्ता गप्प झाला. विनोदाच्या मानसशास्त्रात हे चांगलं ओळखीचं आहे. रॉड मार्टिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ मध्ये माणसाच्या विनोदाचे चार प्रकार मांडले. त्यातला एक म्हणजे दुसऱ्याला टोचणारा विनोद, आणि एक म्हणजे चारचौघांत सामावून राहण्यासाठी स्वतःलाच खाली पाडणारा. दत्ता दुसऱ्या प्रकारात शिरला होता. कुणी मारायच्या आत आपणच मारून घेतलं की कमी लागेल, असं वाटतं. समोरच्याला मात्र त्यातून एकच गोष्ट कळते, की हा विषय खुला आहे. दत्ताचा यात दोष नाही. चारचौघांत तोंड पडू नये म्हणून जवळपास प्रत्येक जण असंच हसतो. पण बालाजीला कल्पना का नव्हती, याचं उत्तर त्या हसण्यात होतं.

इथं आपल्याकडच्या नात्यांची एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. मेहुणे आणि दाजी, दीर आणि भावजय यांच्यात थट्टा चालते. चालते म्हणजे ती करायची मुभा असते आणि राग न मानण्याचं बंधनही असतं. रॅडक्लिफ-ब्राउन या मानववंशशास्त्रज्ञानं १९४० मध्ये अशा थट्टेच्या नात्यांवर लिहिलं. काही नात्यांत दोघंही एकमेकांची थट्टा करतात, काहींत एकच करतो आणि दुसऱ्यानं सोसायची असते, हा भेद त्यानं मांडला. दाजीची थट्टा कुठवर करायची आणि कुणासमोर थांबायचं, हे घरातल्या थोरांना माहीत असतं. कुणी फार पुढं गेला तर एखादी मावशी ‘बास आता’ म्हणून थांबवते. मित्रांच्या टेबलावर अशी मावशी नसते. तिथं दोन्ही बाजूंची थट्टा हळूहळू एकाच बाजूची होऊन बसते आणि ते कधी झालं हे कुणालाच सांगता येत नाही. वहीत दत्ताची बालाजीवरची थट्टा शोधली तर एकही सापडली नाही.

बोलायचं ठरवण्याआधी आम्ही एक गोष्ट तपासली : हा माणूस मित्र आहे का? माझ्या मते याची कसोटी थट्टेत सापडत नाही, थट्टेबाहेर सापडते. बालाजी एकांतात कसा वागतो, अडचणीला येतो का, दुसऱ्या कुणाला खरंच लागलेलं दिसलं तर थांबतो का? दत्ताच्या वडिलांच्या आजारपणात बालाजी रात्र रात्र दवाखान्यात बसला होता. सगळी उत्तरं मैत्रीच्या बाजूची होती. ती तशी नसती, विश्वासानं सांगितलेलं गुपित तो चव्हाट्यावर आणत असता, किंवा थट्टा जातीवरची असती, तर मी हा मार्ग सुचवला नसता. जातीवरून चारचौघांत केलेल्या अपमानाला थट्टा म्हणून समजावत बसू नये, त्यासाठी कायदा आहे.

मग शब्द. दत्तानं लिहून आणलेला पहिला मसुदा असा होता : “तू कायम माझा अपमान करतोस. पैसा आल्यापासून तुला माज आलाय. तुला मित्राची किंमत नाही.”

रागाच्या दृष्टीनं यात चूक काही नाही. अडचण अशी, की ‘कायम’ म्हटलं की बालाजी एक उलट उदाहरण देणार आणि बोलणं त्या उदाहरणावर जाणार. ‘माज’ म्हटलं की तो स्वतःच्या स्वभावाचा बचाव करणार. आणि या तिन्ही वाक्यांतून बालाजीनं उद्यापासून नेमकं काय करायचं नाही, हे कळत नाही. त्याला एवढंच कळणार, की मास्तर चिडलाय.

दोन-तीन वेळा खोडून जे उरलं ते असं : “बाल्या, येळवशीला जेवताना तू माझ्या लेकीला लग्नाचं बोललास. रात्री तिनं मला पगाराचं विचारलं. मला लेकरापुढं लाज वाटली, लई लागलं. टक्कल, गाडी, क्रिकेट, काय बोलायचं ते बोल. पगारावर चारचौघांत बोलू नको.”

यात एकच प्रसंग आहे, तो कुणी नाकारू शकत नाही. त्याचा परिणाम आहे, भावना आहे आणि मागणं आहे. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य टकलाचं वाटतं. चहाच्या टेबलावर थट्टा हीच बालाजीची जागा आहे. सगळीच बंद कर म्हटलं तर त्याला तिथं बसणंच अवघड होईल, आणि तो एक तर मागणं धुडकावेल किंवा दत्ताशी औपचारिक वागू लागेल. दत्ताला दोन्ही नको होतं. काय चालतं हे सांगितलं, की काय चालत नाही त्याची हद्द छोटी आणि स्पष्ट होते.

हे बोलताना हसायचं नाही, एवढ्याच एका गोष्टीचा आम्ही सराव केला. दत्ता ‘लई लागलं’ म्हणताना दर वेळी हसायचा. वर्षानुवर्षांची सवय होती ती. ते वाक्य हसत म्हटलं असतं तर बालाजीनं तेही थट्टेत जमा केलं असतं, आणि ते त्याच्या दृष्टीनं बरोबरच झालं असतं.

जागा दत्तानं निवडली. हॉटेल नाही, आडतही नाही, कारण तिथं हमाल आणि शेतकरी असतात. दोघांची गावाकडची शेतं लागून आहेत आणि रविवारी सकाळी दोघं हरभरा बघायला जातात. बांधावरून चालताना एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही आणि मध्येच गप्प राहिलं तरी विचित्र वाटत नाही. अशा बोलण्यासाठी समोरासमोर बसण्यापेक्षा चालणं मला नेहमीच बरं वाटतं.

बालाजी काय म्हणेल याचाही अंदाज बांधला होता. पहिलं उत्तर ‘मजाक होता’ असणार, हे जवळपास नक्की होतं. क्रुगर, गॉर्डन आणि कुबान यांचा २००६ चा एक अभ्यास इथं उपयोगी पडतो. थट्टा करणाऱ्याला आपला हेतू आतून दिसत असतो, म्हणून त्याला ती प्रेमाची वाटते. ऐकणाऱ्याला हेतू दिसत नाही, फक्त शब्द दिसतात, म्हणून त्याला ती जास्त लागते. करणारा खोटं बोलत नसतो आणि ऐकणारा हळवाही नसतो. म्हणून हेतूवर वाद घालायचाच नाही, तो मान्य करून टाकायचा, असं ठरलं.

प्रत्यक्षात झालं ते दत्तानं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं.

त्यानं ठरलेलं बोलून टाकलं. बालाजी आधी हसला आणि म्हणाला, “अर्ज कर लेका, मंजूर करतो.” दत्ता हसला नाही. तो म्हणतो, ते काही क्षण सगळ्यात जड गेले, कारण हसलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. मग बालाजी म्हणाला, “आरं मजाक होता गड्या.” दत्ता म्हणाला, “मजाकच होता, मला माहीत हाय. तरी लागलं.” यावर बालाजीला उत्तर सुचलं नाही, म्हणून तो चिडला. “तूच तर हसतोस दात काढून. आता कामून सांगायलास? कुणी कान भरले?”

“हसतो, कारण चारचौघांत दुसरं काय करू? कान कुणी भरले न्हाईत, लेक विचारायली.”

मग बालाजीनं दवाखाना काढला. त्या रात्री कोण बसलं होतं, गाडी कुणी काढली होती. हे येईल असं आम्हाला वाटलं नव्हतं. दत्तानं न अडखळता उत्तर दिलं, “ते मरेपर्यंत विसरणार न्हाई. त्यापायीच तुला सांगायलोय, दुसरा असता तर उठून गेलो असतो.” उपकाराचा विषय निघाला की माणूस एक तर शरमून गप्प बसतो किंवा हिशेब मांडायला लागतो. दत्तानं उपकार पूर्ण मान्य केला आणि मागणंही मागं घेतलं नाही. तयारीत नसलेलं हे उत्तर मला त्या सगळ्या बोलण्यात सर्वांत मोलाचं वाटतं.

पुढं बालाजी जे बोलला त्यानं प्रकरणाची दुसरी बाजू उघडली. “आन् तू? मी बोललो की ‘पानी नाय, पाणी’ म्हणतोस. गेल्या साली पाव्हण्यापुढं माझं व्हॉट्सॲप वाचून चुका काढल्यास. दहावी नापास म्हणून?” दत्ताला हे आठवतही नव्हतं. शिक्षकाची सवय म्हणून तो बोलून जायचा. पण बालाजीच्या मनात ते साठलेलं होतं. एकाकडे शिक्षण, दुसऱ्याकडे पैसा, आणि दोघंही नकळत एकमेकांच्या उण्या बाजूवर बोट ठेवत होते. त्यामुळे पगारावरची थट्टा योग्य ठरत नाही. पण बालाजी नेमका पगारच का निवडायचा, हे त्यातून कळतं. दत्तानं तिथल्या तिथं सांगितलं, “हे मला माहीत नव्हतं. चारचौघांत तुझी भाषा दुरुस्त करणार न्हाई.” बालाजीनं ‘बरं’ म्हटलं नाही. हरभऱ्यावरच्या घाटेअळीचं बोलू लागला आणि दोघं परत आले.

त्यानंतर जवळजवळ पंधरा दिवस बालाजी हॉटेलावर आला नाही. या काळात दत्ताची फार घालमेल झाली. ‘सॉरी, जास्त बोललो’ असा मेसेज टाकावा का, असं त्यानं मला विचारलं. मी नको म्हणालो. मागणं रास्त होतं, नीट शब्दांत केलेलं होतं. त्याबद्दल माफी मागितली तर ते मागं घेतल्यासारखं होतं. दुसऱ्या निमित्तानं संपर्क ठेवावा, असं सुचवलं. दत्तानं फोन करून तुरीचा भाव विचारला. बालाजीनं सांगितला, आणि मग दोघं दहा मिनिटं इकडचं तिकडचं बोलत राहिले.

बालाजी परत आला त्या आठवड्यात एकदा चहा आल्यावर त्याच्या तोंडून “मास्तरला वीस...” एवढं निघालं. दत्तानं हळू आवाजात फक्त “बाल्या” म्हटलं आणि हसला नाही. बालाजीनं वाक्य बदललं : “...वीस वेळा सांगितलं टोपी घाल, डोकं तापतं.” लोक हसले, दत्ताही हसला. हे हसू खरं होतं, असं तो सांगतो. अशी चूक होणार हे धरूनच चालावं लागतं. वर्षांची सवय एका बोलण्यानं जात नाही. ती झाल्यावर समोरचा शब्द आवरतो की मुद्दाम रेटतो, यावरून कळतं तो मागणं धरून चाललाय की नाही. बालाजीनं आवरलं.

याला आता चार-पाच महिने झालेत. बालाजीनं पगाराचा विषय चारचौघांत पुन्हा काढलेला नाही. एका लग्नात अनोळखी पाहुण्यांसमोर त्यानं दत्ताची ओळख ‘आमचे सर’ अशी करून दिली. दत्ताला ते थोडं परकंही वाटलं. मोकळेपणा थोडा कमी झालाय, हे दोघांच्याही वागण्यात दिसतं. पूर्वी बालाजी न सांगता घरी यायचा, आता फोन करून येतो. तो मोकळेपणा भरून येईल की नाही, हे मी आज सांगू शकत नाही. मुलीला मात्र दत्तानं स्वतः बसवून टप्पा अनुदान म्हणजे काय ते सांगितलं, पगाराच्या आकड्यासकट. ते त्यानं माझ्या सांगण्यावरून केलेलं नव्हतं.

उरलेली अडचण माधवची आहे. तो त्याच टेबलावरचा तिसरा मित्र. बालाजीनं सोडलेली थट्टा त्यानं उचललीय, ग्रुपवर वीस टक्क्यांचं स्टिकरही त्यानंच टाकलं. थट्टा फार काळ चालली की ती एकट्याची राहत नाही, सगळ्या टेबलाची होते, आणि मूळ माणूस थांबला तरी ती फिरत राहते. एकदा बालाजीच त्याला “सोड रे ते, जुनं झालं” म्हणाला. माधव त्या दिवसापुरता थांबला. दत्ता आणि माधव यांच्यात शेड नाही, दवाखाना नाही, तेवढी जवळीकही नाही. त्यामुळे बांधावरचं बोलणं जसंच्या तसं त्याच्याशी चालणार नाही. त्याच्याशी एकच वाक्य बोलायचं असं सध्या ठरलंय, तेही टेबलावरून उठताना, गाडीपाशी : “माधव, ते वीस टक्क्यांचं आता बास.” कारण सांगायचं नाही, लागल्याचंही सांगायचं नाही. त्यानं विचारलं तर “मला नको वाटतं” एवढंच. दत्ता येत्या आठवड्यात ते बोलणार आहे.